चेहरा जुळला, पण माणूस समोर आहे का?

नोव्हेंबर महिना आला की पेन्शनरांच्या घरात हयातीच्या दाखल्याची आठवण निघते. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे, नंतर बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आली. 29 नोव्हेंबर 2021 रोजी केंद्र सरकारने आपल्या पेन्शनरांसाठी तिसरी वाट खुली केली: साधा अँड्रॉइड मोबाइल हातात धरायचा, चेहरा चौकटीत आणायचा, ॲपने सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची, आणि काही क्षणांत दाखला तयार. ज्यांच्या बोटांचे ठसे वयामुळे झिजले आहेत, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

पण दाखला हयातीचा आहे, आणि तो मागणारा माणूस हयात नसण्याची शक्यता या कामात मुळातच गृहीत धरलेली असते. घरातल्या भिंतीवर आजोबांचा मोठा, स्वच्छ फोटो आहे. नातवाच्या मोबाइलमध्ये त्यांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ आहे. त्यात ते हसतात, मान हलवतात, डोळे मिचकावतात. आजोबा गेल्यानंतर कुणी तो फोटो किंवा तो व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे धरला तर काय होईल? चेहरा ओळखणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर चेहरा ओळखण्याच्या कौशल्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळं शास्त्र लागतं.

याचं कारण चेहरा जुळवण्याच्या पद्धतीतच आहे. संगणक चेहऱ्याचं चित्र घेतो आणि त्याचं आकड्यांच्या एका लांबलचक मालिकेत रूपांतर करतो. तीच व्यक्ती पुन्हा समोर आली की जवळपास तशीच मालिका तयार व्हावी, दुसरी व्यक्ती आली की बरीच वेगळी व्हावी, यासाठी ही पद्धत घडवलेली असते. प्रकाश बदलला, दाढी वाढली, चष्मा लागला, चित्र थोडं पुसट आलं, तरी मालिका फार बदलू नये हाच तिचा गुण. आता आजोबांचा छापील फोटो तिच्यापुढे धरा. कागद, शाई, जरा पिवळटलेला रंग या गोष्टींकडे दुर्लक्ष करायला ती शिकलेलीच आहे. ती चेहरा शोधते, आकडे काढते आणि सांगते की हे तेच आजोबा. तिचं उत्तर बरोबरही असतं. चेहरा खरोखर त्यांचाच आहे. जुळवणी जितकी चांगली, तितका फोटोही सहज जुळतो.

पासवर्ड निदान लपवता येतो. चेहरा आपण दिवसभर जगाला दाखवत फिरतो, लग्नाच्या अल्बमपासून व्हॉट्सॲपच्या डीपीपर्यंत तो सगळीकडे असतो. त्यामुळे चेहऱ्याची नक्कल कुणाला मिळणारच नाही, या भरवशावर कोणतीही यंत्रणा उभी करता येत नाही. नक्कल सगळ्यांकडे आहे असं समजून, समोर नक्कल आहे की हाडामांसाचा माणूस, एवढं ठरवायचं. या ठरवण्याला लाइव्हनेस तपासणी म्हणतात.

ती नसली की काय होतं याचे दाखले जुने आहेत. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत व्हिएतनामच्या हनोईमधल्या संशोधकांनी लेनोवो, आसुस आणि तोशिबा या तीन कंपन्यांच्या लॅपटॉपची चेहऱ्याने उघडणारी कुलपं फोटोंनी उघडून दाखवली. 2011 मध्ये गूगलने गॅलेक्सी नेक्सस फोनसोबत अँड्रॉइडमध्ये चेहऱ्याने फोन उघडण्याची सोय आणली, आणि दुसऱ्या फोनवरचा फोटो समोर धरून तो उघडल्याचे व्हिडिओ लगेच फिरू लागले. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने 2019 च्या सुरुवातीला 110 फोन तपासल्याचं जाहीर केलं. त्यांपैकी 42 फोन मालकाच्या फोटोने उघडले.

आपल्याकडचा दाखला रोजगार हमीचा. मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर कामाच्या ठिकाणचा फोटो टाकून लावावी, हा नियम 1 जानेवारी 2023 पासून सगळ्या कामांना लागू झाला. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक पाठवून गैरप्रकारांची यादी दिली. कामाशी संबंध नसलेले फोटो टाकणं जसं तिच्यात होतं, तसंच फोटोचाच फोटो काढून टाकणंही होतं. त्या ॲपने घेतलेला फोटो ताजाच होता, तारीख आणि वेळ खरीच होती. फक्त कॅमेऱ्यासमोर माणसांऐवजी त्यांचं चित्र होतं.

फोटोचा फोटो ओळखता येतो का? येतो, कारण ते चित्र दोनदा कॅमेऱ्यातून गेलेलं असतं. पहिल्यांदा खऱ्या चेहऱ्यावरून परतलेला प्रकाश पहिल्या कॅमेऱ्याने टिपला. मग ते चित्र कागदावर उतरलं किंवा स्क्रीनवर उमटलं. तिथून निघालेला प्रकाश दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपला. या मधल्या मुक्कामात काहीतरी हरवतं आणि काहीतरी चिकटतं, आणि त्याचा माग काढणं हे लाइव्हनेस तपासणीचं निम्मं काम आहे.

आधी कागदाचं पाहू. प्रिंटर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया बारीक ठिपक्यांनी कागदावर उमटवतो. माणसाच्या त्वचेचे जेवढे बारीक रंगफरक असतात, तेवढे या चार शायांच्या मिश्रणात बसत नाहीत. गालाकडून हनुवटीकडे जाताना लाली हळूहळू ओसरते, तिथे छपाईत रंगाचे टप्पे पडतात. नुसता उजेड-अंधार बघणाऱ्या करड्या चित्रात हा फरक लपतो. रंगाची माहिती वेगळी काढून तिचा पोत तपासला तर तो दिसतो. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015-16 च्या सुमारास हीच वाट धरून चांगले निकाल मिळवले. शिवाय त्वचेवर प्रकाश पडतो तेव्हा थोडा वरून परततो आणि थोडा आत शिरून, रक्तातून आणि मांसातून फिरून बाहेर येतो. म्हणून खऱ्या कानाच्या पाळीला एक आतून आलेली लाली असते. कागद सगळ्या ठिकाणी एकाच तऱ्हेने प्रकाश परतवतो.

दुसरी खूण सपाटपणाची. कागद हातात धरला की तो थोडा हलतोच, पण हलताना त्यावरचं नाक, कान आणि मागची भिंत सगळं एकत्र हलतं. खरा माणूस हलला की चेहरा हलतो आणि मागची भिंत जागच्या जागी राहते.

तिसरी खूण हालचालीची, आणि सामान्य माणसाला तीच ठाऊक आहे. फोटो डोळे मिचकावत नाही. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये साध्या वेबकॅमवर पापण्यांची उघडझाप टिपून फोटो ओळखण्याची पद्धत मांडली. माणूस विनासायास दर दोन ते चार सेकंदांनी पापणी लववतो, आणि एक उघडझाप साधारण पाव सेकंदात होते. वेबकॅम सेकंदाला पंधरा चित्रं घेत असला तरी त्यांपैकी तीन-चार चित्रांत ती सापडते. म्हणजे महागडं यंत्र नको, वेगळा कॅमेरा नको. गूगलनेही 2012 मध्ये अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्तीत हाच उपाय केला: फोन उघडायचा तर पापणी लववा.

हा उपाय किती टिकला? फोटोत डोळ्यांवर त्वचेचा रंग फिरवून मिटल्या डोळ्यांचं दुसरं चित्र तयार करायचं आणि दोन्ही चित्रं आलटून पालटून दाखवायची, एवढ्यावर तो फोन फसला. बीजिंगच्या स्वयंचलन संस्थेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये लाइव्हनेस तपासणीच्या सरावासाठी पन्नास माणसांचा व्हिडिओसंग्रह तयार केला. त्यात त्यांनी मुद्दाम एक प्रकार ठेवला होता: फोटोतल्या डोळ्यांच्या जागा कापायच्या, कागद तोंडावर धरायचा आणि मागून आपलेच डोळे मिचकवायचे. चेहरा एकाचा, पापण्या दुसऱ्याच्या. उघडझाप खरी, माणूसही जिवंत, आणि तरीही फसवणूक. त्याच संग्रहात कागद गोलाकार वाकवून धरलेले नमुनेही आहेत, कारण कागद वाकवला की सपाटपणाची खूण पुसट होते. उघडझापेने सिद्ध होतं ते इतकंच, की समोर कुणाच्या तरी पापण्या हलल्या. त्या ज्याचा चेहरा आहे त्याच्याच होत्या का आणि आत्ताच हलल्या का, हे तिला ठरवता येत नाही.

स्क्रीनचा हल्ला या ‘आत्ताच’वर घाव घालतो. पंच्याहत्तरीच्या व्हिडिओत आजोबांनी डोळे मिचकावलेलेच आहेत. व्हिडिओ चालवला की चेहरा त्यांचा, पापण्या त्यांच्या, मान वळल्यावर नाकाची बाजूही बरोबर दिसते. त्वचेवरून नाडी मोजण्याचा उपायही इथे हात टेकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्यातलं रक्त किंचित वाढतं, त्यामुळे त्वचेचा रंग डोळ्यांना न दिसण्याइतका बदलतो, आणि कॅमेऱ्याच्या हिरव्या रंगाच्या नोंदीत तो बदल मोजता येतो. कागदाला नाडी नाही, म्हणून कागद इथे हटकून सापडतो. पण चांगल्या प्रतीच्या व्हिडिओत ती नाडीही नोंदलेली असते आणि व्हिडिओबरोबर पुन्हा चालू लागते.

तरीही स्क्रीन पकडता येते, कारण तिची स्वतःची एक जाळी असते. टीव्हीचा किंवा लॅपटॉपचा फोटो मोबाइलने काढताना चित्रावर लाटांसारखे रंगीत पट्टे पसरलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. याला मॉयरे म्हणतात. स्क्रीनवरचं चित्र बारीक चौकोनांच्या जाळीचं बनलेलं असतं, कॅमेऱ्याच्या आतली पट्टीही तशाच जाळीची असते. दोन जाळ्यांची वीण आकाराने जवळपास आली की त्यांच्या फरकातून तिसरीच नक्षी उमटते.

हिशेब करून पाहू. समजा फोन हातभर दूर आहे आणि त्याच्या पुढच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी 1080 ठिपके आहे. चौकटीत साधारण 25 सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे कॅमेऱ्याचा एक ठिपका समोरच्या जगातला 0.23 मिलिमीटर व्यापतो. पंधरा इंचाच्या साध्या लॅपटॉपची स्क्रीन सुमारे 34 सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यावर 1920 ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका 0.18 मिलिमीटरचा. 0.23 आणि 0.18 हे आकडे इतके जवळ आहेत की नक्षी उमटणारच. आता लॅपटॉपऐवजी दुसरा फोन धरला तर? त्याचे ठिपके जेमतेम 0.06 मिलिमीटरचे. कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात त्याचे कितीतरी ठिपके एकत्र मिसळतात आणि नक्षी नाहीशी होते.

म्हणजे फोनची स्क्रीन जिंकली? तसं होत नाही, कारण फोन जेमतेम सात सेंटिमीटर रुंद असतो आणि माणसाचा चेहरा चौदा-पंधरा. ॲपने आखलेल्या चौकटीत चेहरा पुरेसा मोठा दिसायला हवा असेल, तर हल्लेखोराला फोन निम्म्या अंतरावर आणावा लागतो. तिथे बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र धूसर होतं, कारण तो हातभर अंतरावरच्या चेहऱ्यासाठी बसवलेला असतो. फोनच्या कडा चौकटीत येण्याचा धोका वाढतो आणि काचेवर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं. सेल्फी घेताना ॲप चेहरा आखलेल्या चौकटीतच ठेवायचा आग्रह धरतं, त्यातून फसवणाऱ्याच्या हालचालीची जागाही कमी होते. मोठी स्क्रीन घेतली तर जाळी दिसते, लहान घेतली तर अंतर आणि कडा आड येतात. एक खूण लपवायला गेलं की दुसरी उघडी पडते. चांगली तपासणी म्हणूनच एका खुणेवर निकाल देत नाही, अनेक खुणा एकत्र तोलते.

आतापर्यंतच्या खुणा माणसाला काही करायला न सांगता तपासता येतात. दुसरी पद्धत सवाल टाकण्याची: मान डावीकडे वळवा, हसा, फोन जवळ आणा. यातल्या ‘फोन जवळ आणा’ या साध्या वाटणाऱ्या सूचनेत बरीच भूमिती आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत खोली साधारण दहा सेंटिमीटर धरू. फोन नाकापासून 50 सेंटिमीटरवर असेल तर कान 60 वर असतात. जवळची वस्तू अंतराच्या प्रमाणात मोठी दिसते, म्हणून नाक कानांच्या तुलनेत 1.2 पट मोठं दिसेल. फोन 20 सेंटिमीटरवर आणला की कान 30 वर, आणि नाक 1.5 पट मोठं. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक फुगलेलं दिसतं ते यामुळेच. छापील फोटोत किंवा स्क्रीनवर नाक आणि कान एकाच पातळीत असतात. फोन कितीही जवळ आणा, सगळं चित्र एकसारखं मोठं होईल आणि नाक-कानाचं प्रमाण होतं तेच राहील. हा बदल व्हिडिओ आधी काढून ठेवला तरी साधणं कठीण, कारण तो फोनच्या प्रत्यक्ष हालचालीशी क्षणाक्षणाला जुळायला हवा. साध्या कॅमेऱ्यावर चालणारा इतका चांगला सवाल मला दुसरा माहीत नाही.

दुसरा असाच सवाल प्रकाशाचा आहे. फोनची स्क्रीन काही क्षण लाल, मग निळी, मग हिरवी होते, आणि त्या रंगांची छटा चेहऱ्यावर उमटते का ते कॅमेरा पाहतो. रंगांचा क्रम दर वेळी नवा. खऱ्या चेहऱ्यावर ही छटा नाकाच्या दांड्यावर जास्त, गालांच्या कडेला कमी पडते. सपाट कागदावर ती सगळीकडे सारखी पसरते, आणि समोरची स्क्रीन स्वतःच प्रकाश फेकत असल्याने तिच्यावर ती जेमतेम उमटते. दुपारी अंगणात मात्र हा उपाय निकामी ठरतो, कारण उन्हापुढे फोनच्या प्रकाशाला किंमत राहत नाही.

या सवालांचं सगळं बळ त्यांच्या अनपेक्षितपणात आहे. रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवण्यास 2020 मध्ये परवानगी दिली. तिच्या नियमांत बँकांच्या ॲपमध्ये नकली चेहरा ओळखण्याची सोय असावी अशी अट आहे, आणि समोरचा माणूस खरोखर बोलतोय हे ताडण्यासाठी विचारायचे प्रश्न व त्यांचा क्रम बदलता असावा हेही लिहिलेलं आहे. ‘डोळे मिचकवा’ हा एकच सवाल वर्षानुवर्षं ठेवला, तर त्याचं उत्तर एकदाच रेकॉर्ड करून ठेवता येतं.

महाग फोनना इतकं झगडावं लागत नाही. ॲपलने 2017 मध्ये आणलेली यंत्रणा चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकते आणि ते कुठे सरकले यावरून चेहऱ्याचे उंचसखल भाग मोजते. सपाट वस्तू तिथे पहिल्याच पायरीवर बाद होते. नुसता इन्फ्रारेड कॅमेराही बरंच करतो. फोनची आणि लॅपटॉपची स्क्रीन दिसणारा प्रकाशच फेकते, इन्फ्रारेड जवळजवळ नाही, म्हणून त्या कॅमेऱ्याला स्क्रीनवरचा चेहरा दिसतच नाही, नुसती काळी पाटी दिसते. पण हाही उपाय अभेद्य नव्हता. 2017 च्या डिसेंबरमध्ये एका जर्मन सुरक्षा कंपनीने विंडोजच्या काही आवृत्त्या फसवून दाखवल्या. त्यांनी मालकाचा फोटोच इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढला आणि लेझर प्रिंटरवर छापला. आपल्या गावात हयातीचा दाखला काढणाऱ्याच्या हातात मात्र बहुधा स्वस्त फोन असतो. तिथे सगळा भार साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर येतो, म्हणून वर सांगितलेले बारकावे इतके महत्त्वाचे ठरतात.

कॅमेऱ्यापुढे काय आहे हे तपासणाऱ्या सगळ्या उपायांची एक हद्द आहे, आणि ती शांघायमधल्या एका प्रकरणात उघडी पडली. 2021 मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी दोघांवर खटला भरल्याची बातमी चिनी वृत्तपत्रांत आली. त्यांनी काळ्या बाजारातून लोकांचे स्पष्ट फोटो आणि माहिती विकत घेतली होती. एका ॲपने त्या फोटोंना मान डोलावायला, डोळे मिचकवायला आणि तोंड उघडायला लावलं. मग तो व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे न धरता, आत फेरफार केलेल्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या जागी थेट सोडला. करखात्याच्या यंत्रणेला वाटलं की कॅमेरा सुरू आहे. अशा ओळखींवर बनावट कंपन्या उभ्या राहिल्या आणि सुमारे 50 कोटी युआनची खोटी बिलं निघाली. इथे कागद नाही, काच नाही, मधला मुक्कामच नाही, त्यामुळे मॉयरेही नाही आणि शाईचे टप्पेही नाहीत. याला उत्तर चित्र तपासून मिळत नाही. फोनच्या प्रणालीत फेरफार झालाय का आणि चित्र खरोखर त्याच फोनच्या कॅमेऱ्यातून आलंय का, हे वेगळं पडताळावं लागतं. डोळे मिचकवायला सांगणाऱ्या तपासणीचा आधार यामुळे आणखी कमी झाला.

आता दुसरी बाजू. तपासणी शेवटी एक गुण देते आणि कुठेतरी रेषा आखावी लागते: याच्यावर खरा, याच्याखाली नकली. रेषा वर सरकवली की नकली कमी सुटतात आणि खरी माणसं जास्त अडकतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 30107 म्हणूनच दोन्ही चुका वेगळ्या मोजायला सांगतं. फसवणुकीच्या प्रत्येक प्रकाराची चूकही त्यात स्वतंत्र मोजायची असते. समजा शंभर कागदी फोटोंपैकी एक सुटला आणि शंभर स्क्रीनपैकी नऊ सुटल्या. सरासरी पाच येते आणि जाहिरातीत तीच बरी दिसते. पण फसवणारा सरासरीने हल्ला करत नाही, तो स्क्रीनच घेऊन येतो. त्याच्या दृष्टीने आकडा नऊ.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांबद्दल आणखी एक इशारा ओउलूच्याच संशोधकांच्या 2016 च्या निकालांत आहे. एका संग्रहातल्या व्हिडिओंवर शिकवून त्याच संग्रहातल्या वेगळ्या व्हिडिओंवर तपासलं, तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या चुका अगदी थोड्या टक्क्यांत होत्या. बीजिंगच्या संग्रहावर शिकवून स्वित्झर्लंडमधल्या इडियाप संस्थेच्या संग्रहावर तपासलं, तेव्हा चुका तीस टक्क्यांवर गेल्या. कॅमेरे वेगळे, स्क्रीन वेगळ्या, खोलीतला प्रकाश वेगळा. यंत्राने ‘नकली’पणा म्हणून जे शिकून घेतलं होतं, त्यातलं बरंच त्या एका खोलीचं आणि त्या एका प्रिंटरचं होतं. बाजारात दर महिन्याला नवा फोन येतो, म्हणून ही अडचण कधीच संपत नाही.

आणि खऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ती जास्त बोचते. समजा एका जिल्ह्यात एक लाख पेन्शनर आहेत आणि तपासणी खऱ्या माणसांपैकी फक्त दोन टक्के नाकारते. कागदावर हा आकडा उत्तम आहे. पण तेवढ्याने दोन हजार म्हाताऱ्या माणसांना यंत्र सांगतं की तुम्ही समोर नाही. शिवाय हे दोन टक्के सगळ्यांत सारखे वाटले जात नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा नीट उघडत नाही, पक्षाघाताने एका बाजूची पापणी हलत नाही, हात थरथरतो म्हणून चित्र पुसट येतं, अंधाऱ्या ओसरीत सावळ्या चेहऱ्याचे बारकावे स्वस्त कॅमेऱ्याला टिपता येत नाहीत. फोटोचा फोटो जसा पुसट आणि कमी रंगांचा असतो, तसंच यांचं चित्रही येतं. यंत्र त्यांना नकली समजतं ते या साम्यामुळे.

यातल्या काही अडचणी तिथल्या तिथे सुटतात. उजेड समोरून यायला हवा, म्हणून खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसावं. कॅमेऱ्याची काच पदराने किंवा रुमालाने पुसून घ्यावी, कारण बोटांच्या डागांनी चित्रावर धुरकट थर येतो. चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत असेल तर तो काढावा. मागे देवाच्या तसबिरी किंवा चालू टीव्ही असू नये, चौकटीत दुसरा चेहरा येऊ नये. फोन दुसऱ्याने धरला तर हात टेबलावर टेकवून धरावा. एवढं करूनही जमलं नाही तर हटून बसू नये. बोटांच्या ठशांचा किंवा डोळ्याच्या बुबुळाचा मार्ग उपलब्ध आहे, पोस्टाच्या बँकेचा माणूस 2020 पासून घरी येऊन दाखला काढून देतो, आणि बँकेत कागदावर सही करण्याचा मार्गही आहे. चेहऱ्याची तपासणी नाकारली गेली म्हणून पेन्शन अडता कामा नये, ही जबाबदारी पेन्शनरची नाही, खात्याची आहे.

नाकारताना ॲप बहुतेक वेळा मोघम बोलतं: पुन्हा प्रयत्न करा. लोक चिडतात, आणि ते साहजिक आहे. पण ‘तुमच्या चित्रात स्क्रीनची जाळी दिसली’ असं यंत्राने सांगितलं, तर फसवायला बसलेल्यालाही कळतं की पुढच्या वेळी काय बदलायचं. नाकारण्याचं नेमकं कारण गुप्त ठेवणं सुरक्षेसाठी गरजेचं आहे, हे मला पटतं. तपासणीच्या आधी मात्र काहीच गुप्त ठेवायची गरज नाही. उजेड कमी आहे, काच पुसा, फोन जरा लांब धरा, हे चेहरा तपासायला घेण्यापूर्वी मोठ्या अक्षरांत आणि मराठीत बोलून सांगितलं, तर फसवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजींना पहिल्याच खेपेला दाखला मिळण्याची शक्यता बरीच वाढते.